विमान आणि सत्यनारायण

आमचे बाबा कोगनोळीत पूजा सांगतात. मी सुट्टीला घरी गेलो की त्यांचे मेसेज टाइप करायचं काम माझ्याकडे येतं. परवा एका यजमानांनी विचारलं, "पाहुण्यांचं सांबऱ्याहून दोनचं विमान आहे. साडेनऊची सत्यनारायणाची पूजा तासाभरात उरकाल का?" मी 'जमणार नाही' एवढंच लिहिणार होतो. बाबांनी मला थांबवून हे सांगितलं:

"सप्रेम नमस्कार. पाहुण्यांनी साडेदहाला निघावं, म्हणून पूजा साडेसातलाच सुरू करू. चौरंग, केळीचे खांब, सुपाऱ्या आदल्या रात्रीच मांडून ठेवा. बराच वेळ सामान शोधण्यातच जातो. तरीही सव्वाआठपर्यंत मुख्य पूजा सुरू झाली नाही, तर सोळा उपचारांऐवजी गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच करू. तेही शास्त्राला धरूनच आहे. संकल्प, कथेचे पाचही अध्याय आणि प्रसाद मात्र गाळता येणार नाहीत."

"कथा थोडी कमी केली तर?" मी विचारलं.

बाबा हसले. "कलावती आठवते? नवऱ्याची नौका आली म्हणून प्रसाद न घेताच धावली आणि नौकाच दिसेनाशी झाली. परत येऊन प्रसाद घेतला, तेव्हा नवरा भेटला. घाईतल्या माणसांचीच गोष्ट आहे ती. तीच कशी गाळू?"

थोड्या वेळानं उत्तर आलं, "साडेसातला या, गुरुजी. पाहुण्यांना शिरा डब्यात भरून देऊ का?"

बाबांनी लिहायला सांगितलं, "आधी हातावर द्या, मग डब्यात."