अटलांटिकचा खोल प्रवाह ‘बंद’ पडणार का? आधी पाऊण ग्रॅम मिठाचं गणित समजून घ्या

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरते. अटलांटिक महासागरातला प्रवाह कोसळणार, युरोप गोठणार, आणि सोबत एखादं साल. मग त्याखाली ‘गल्फ स्ट्रीम बंद होणार’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. हे शेवटचं वाक्य चुकीचंच आहे. गल्फ स्ट्रीमचा मोठा भाग वाऱ्यामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतो. वारा आहे तोवर तो राहणार. धोका आहे तो त्याच्याशी जोडलेल्या एका उभ्या चक्राला. वरून उत्तरेकडे कोमट पाणी जातं, तिथे ते थंड होऊन बुडतं आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परत येतं. शास्त्रज्ञ त्याला ‘एमॉक’ म्हणतात. दर सेकंदाला सरासरी सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी या चक्रातून फिरतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याच्या हे दहापटीहून जास्त आहे.

माझं म्हणणं असं की ‘कधी कोसळणार’ हा प्रश्न आपण फारच लवकर विचारतो. त्याआधीचा प्रश्न जास्त कामाचा आहे: पाणी बुडतंच का, आणि ते बुडायचं थांबायला किती गोडं पाणी पुरतं?

पाणी बुडतं कसं?

पावसाळ्यात कोकणातल्या खाडीत नदीचं गढूळ गोडं पाणी वर पसरतं आणि समुद्राचं खारं पाणी खालून आत सरकतं. खारं पाणी जड असतं, एवढंच त्यामागचं कारण. थंड पाणीही जड असतं. उत्तर अटलांटिकमध्ये हे दोन्ही एकत्र येतं. उष्ण कटिबंधात बाष्पीभवन होऊन खारट झालेलं पाणी उत्तरेला पोचतं आणि हिवाळी वारे त्यातली उष्णता काढून घेतात.

आता थोडं गणित करू. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असं पाणी २८ अंशांवरून २३ अंशांवर आणलं, म्हणजे आपल्याकडच्या कोमट समुद्रासारखं पाणी पाच अंशांनी थंड केलं, तर त्याचं वजन दर घनमीटरला सुमारे दीड किलोने वाढतं. तेच पाणी ८ अंशांवरून ३ अंशांवर नेलं, तर पाच अंशांचाच फरक असूनही वजन फक्त ६०० ग्रॅमच्या आसपास वाढतं. पाणी जितकं थंड, तितका तापमानाचा वजनावरचा प्रभाव कमी होत जातो. मिठाचा प्रभाव मात्र फारसा घटत नाही. एका किलोमागे एक ग्रॅम मीठ कमी झालं, तर थंड पाणी दर घनमीटरला सुमारे ८०० ग्रॅमने हलकं होतं.

दोन्ही एकत्र मांडा. एका पूर्ण हिवाळ्याने पाच अंश थंडावा देऊन जे ६०० ग्रॅम कमावले, ते घालवायला दर किलोमागे पाऊण ग्रॅम मीठ कमी होणं पुरतं. ३५ ऐवजी ३४.२५. जिभेला हा फरक कळणारही नाही. पण ते पाणी कितीही गारठलं तरी वरच तरंगत राहतं, आणि वरची थंडी खाली पोचत नाही. थंड प्रदेशात सूत्रं मिठाच्या हातात असतात, आणि वितळणाऱ्या बर्फाची भीती वाटते ती याच ठिकाणी. बर्फ पाणी थंड करतो ही गोष्ट इथे दुय्यम आहे. तो पाणी अळणी करतो.

यात आणखी एक पेच आहे. उत्तरेला मीठ आणून देतं कोण? हाच प्रवाह. तो मंदावला तर मीठ कमी येतं, मीठ कमी आलं की पाणी कमी बुडतं, आणि कमी बुडालं की प्रवाह आणखी मंदावतो. माइक स्पीकरजवळ नेल्यावर शिट्टी वाढत जाते, तसंच हे. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दोन जोडलेल्या टाक्यांचं साधं गणित मांडून दाखवलं की अशा व्यवस्थेला दोन स्थिर अवस्था असू शकतात, आणि एकीतून दुसरीत ती अचानक जाऊ शकते. गोडं पाणी पुन्हा पहिल्याइतकं कमी केलं, म्हणून प्रवाह लगेच परत येईलच असंही नाही.

हे एकदा घडलेलं आहे

ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधला लॅब्राडॉर समुद्र हा पाणी बुडण्याच्या मोजक्या जागांपैकी एक. तिथे ‘ब्राव्हो’ या ठरलेल्या जागी हवामान नोंदवणारी जहाजं वर्षानुवर्षं उभी असत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिकमधून नेहमीपेक्षा जास्त समुद्री बर्फ आणि गोडं पाणी ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरलं. एकूण जादा पाणी सुमारे २,००० घनकिलोमीटर होतं. ते लॅब्राडॉर समुद्रावर पसरलं, आणि १९६८ च्या अखेरीपासून सलग तीन हिवाळे तिथलं खोलवरचं मिसळणं जवळपास थांबलं. एरवी कडक हिवाळ्यात दीड किलोमीटरच्याही खाली जाणारी ढवळण वरच्या काहीशे मीटरांपुरतीच राहिली. १९७२ चा अतिशय कडक हिवाळा आला तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. ते अळणी पाणी मात्र संपलं नव्हतं. उत्तर अटलांटिकला फेरी मारून ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा ग्रीनलंडच्या समुद्राजवळ ओळखू आलं.

या प्रसंगाला ‘महाक्षारता-विसंगती’ असं अवजड नाव आहे. शिकण्यासारखं त्यात दोन्ही बाजूंचं आहे. पाण्याचा एक पातळ अळणी थर समुद्राचं दार लावू शकतो, हे खरं. पण ते दार पुन्हा उघडलं, आणि एमॉक कोसळला नाही, हेही खरं. २०१४ पासून सुरू असलेल्या ‘ऑस्नॅप’ या मोजणी प्रकल्पाने तर दाखवलं की उलथापालथीचा मोठा भाग लॅब्राडॉरमध्ये नाही, तर ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रात होतो.

मग ग्रीनलंडचा बर्फ किती?

उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ पासून ग्रीनलंड दरवर्षी सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतो. सेकंदाला भागलं तर सुमारे साडेआठ हजार घनमीटर. एमॉकच्या १ कोटी ७० लाखांपुढे हा दोन हजारावा भाग आहे. संगणकीय प्रारूपांत प्रवाह पाडून दाखवायला शास्त्रज्ञ बहुधा सेकंदाला एक लाख घनमीटर किंवा त्याहून जास्त गोडं पाणी ओततात, म्हणजे ग्रीनलंडच्या आजच्या घटीच्या बारा पट. ‘वैज्ञानिकांनी कोसळताना पाहिलं’ अशी बातमी वाचताना हा आकडा शोधावा. बातमीत तो क्वचितच असतो.

उलट बाजूही तितकीच खरी. २००२ पासून वितळलेलं एकूण पाणी १९६० च्या दशकातल्या त्या लाटेच्या दुपटीहून जास्त झालं आहे. तरीही २०१४ ते २०१६ च्या हिवाळ्यांत लॅब्राडॉर समुद्र खोलवर ढवळला गेला. कारण वितळलेलं पाणी बरंचसं किनाऱ्याला चिकटून वाहणाऱ्या प्रवाहात अडकतं आणि मध्यभागी सावकाश, थोडं थोडं पोचतं. किती पोचतं आणि कुठे, हा आजच्या संशोधनातला कळीचा मुद्दा आहे. हवामानाच्या बहुतेक जागतिक प्रारूपांत ग्रीनलंडचं हे पाणी धरलेलंच नसतं. त्यांत दिसणारी या शतकातली घट मुख्यतः पृष्ठभाग तापल्यामुळे येते. म्हणजे बर्फाचा हिशेब त्यावर वेगळा.

मोजतात कसं?

एक इंजिनीअर म्हणून मला यातली सर्वांत भारी गोष्ट वाटते ती फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधली समुद्राखालची टेलिफोन केबल. खारं पाणी वीजवाहक आहे, आणि ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं तेव्हा केबलमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेचा नियम, बारावीचा. १९८२ पासून या व्होल्टेजवरून तिथला प्रवाह मोजला जातो. २००४ मध्ये त्याला जोड मिळाली ती २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, थेट आफ्रिकेपर्यंत, समुद्रतळाला बांधलेल्या उपकरणांच्या रांगेची. तिचं नाव ‘रॅपिड’.

त्याआधी काय होतं? १९५७ ते २००४ या काळात जहाजांनी अटलांटिक पार करत केलेली फक्त पाच मोजमापं. २००५ मध्ये त्यांवरून शोधनिबंध आला की एमॉक ३० टक्क्यांनी घटला. गदारोळ झाला. मग रॅपिडच्या पहिल्याच वर्षाची नोंद हाती आली, आणि दिसलं की प्रवाह एका वर्षातच ४० लाखांपासून साडेतीन कोटी घनमीटरपर्यंत वरखाली होतो. पाच ठिपक्यांतून काढलेली ती घट नेहमीच्या चढउतारांतच बसत होती. २०२४ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्वतःच सावकाश बदलतंय, तो बदल केबलच्या व्होल्टेजमधून वजा केल्यावर रॅपिडमधली एमॉकची घट सुमारे ४० टक्क्यांनी सौम्य झाली. घट नाहीशी झाली नाही. पण वीस वर्षांचीच नोंद असताना एक दुरुस्ती केवढा फरक पाडते, ते यातून दिसतं.

म्हणून मला ‘अमुक सालापर्यंत’ या मथळ्यांपेक्षा हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळ, म्हणजे ‘आयपीसीसी’ने २०२१ मध्ये केलेलं विधान जास्त गंभीर वाटतं: या शतकात एमॉक कमजोर होण्याची शक्यता खूप दाट, आणि २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही याबद्दल ‘मध्यम विश्वास’. पुलाची मजबुती तपासणाऱ्याने ‘कोसळणार नाही, मध्यम विश्वास’ असं लिहून दिलं तर आपण त्यावरून एसटी नेऊ का? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४४ शास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांच्या परिषदेला पत्र लिहून हा धोका कमी लेखला जातोय असं कळवलं, ते याच अर्थाने. पुढच्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात दक्षिण महासागरावरचे वारे काही पाणी वर ओढत राहतात, त्यामुळे प्रवाह पूर्ण थांबत नाही, असं दिसलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पूर्ण न थांबताही निम्मा झालेला प्रवाह पुरेसं नुकसान करतो.

आपला संबंध कुठे?

मान्सूनशी. उत्तर गोलार्धाला मिळणारी उष्णता घटली की पावसाचा विषुववृत्तीय पट्टा दक्षिणेकडे सरकतो. हा तर्क जुन्या नोंदींत तपासता येतो. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना उत्तर अटलांटिक पुन्हा गारठला आणि हजारभर वर्षं तसाच राहिला. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतले चुनखडीचे स्तंभ त्याच काळात कमजोर मान्सूनची खूण दाखवतात. अरबी समुद्राच्या तळातला गाळही ग्रीनलंडच्या बर्फात नोंदलेल्या तापमानाच्या चढउतारांशी जुळणारे बदल दाखवतो. तेव्हा माणसं शिकार करून जगत होती. आज विदर्भ-मराठवाड्यातली कोरडवाहू शेती त्याच पावसावर उभी आहे, आणि मान्सूनच्या दीर्घकालीन चर्चेत आपल्याकडे एल निनोचं नाव रोज निघतं, ग्रीनलंडजवळच्या मिठाचं जवळपास कधीच नाही.