‘फेजिंग’ या शब्दाने केलेला घोटाळा

१/ स्मॉल फेसेसचे १९६७ सालचे ‘इचिकू पार्क’ हे फेझरचे पहिले गाजलेले उदाहरण, असे रॉकच्या इतिहासात वारंवार लिहिले जाते. हे विधान चूक आहे. त्यामागे फेझर, फ्लँजर आणि कोरस ही एकाच परिणामाची तीन नावे असल्याची समजूत आहे, आणि ती समजूत गिटारच्या ध्वनीचा कालक्रमच विस्कटून टाकते.

२/ घोटाळ्याचे मूळ शब्दात आहे. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्या गाण्यासाठी एकच ध्वनिमुद्रण दोन टेप यंत्रांवर एकत्र चालवून एकाची गती किंचित बदलली गेली. ब्रिटनमध्ये याला ‘फेजिंग’ म्हणत. प्रत्यक्षात हे फ्लँजिंग होय. टेपच्या रिळाची कड म्हणजे फ्लँज, तिला बोट लावून गती मंद करता येई.

३/ दोन प्रतींत एक मिलिसेकंदाचे अंतर पडले असे समजा. ५०० हर्ट्झच्या लहरीला अर्धे आवर्तन पुरे करण्यास नेमका तेवढाच वेळ लागतो. म्हणजे एका प्रतीतील चढ दुसऱ्या प्रतीतील उतारावर येतो आणि तो स्वर पुसला जातो. तसेच १५००, २५००, ३५०० हर्ट्झला घडते. समान अंतरावर दात असलेला कंगवाच ध्वनीतून फिरतो. विलंब बदलला की कंगवा सरकतो आणि विमान डोक्यावरून गेल्याचा भास होतो.

४/ फेझरमध्ये असा विलंब नसतोच. त्यात फेज वळवणारे टप्पे एकामागून एक जोडलेले असतात. प्रत्येक टप्पा आवाजाची पातळी तशीच ठेवून लहरीची फेज जास्तीत जास्त १८० अंशांनी वळवतो. चार टप्पे मिळून ७२० अंशांपर्यंत जातात. मूळ ध्वनीत मिसळल्यावर १८० आणि ५४० अंशांवर स्वर पुसला जातो. म्हणजे कंगव्याऐवजी अवघ्या दोन खाचा. १९७४ सालच्या एमएक्सआर फेज ९० मध्ये हेच चार टप्पे आहेत.

५/ आता कालक्रम पाहावा. फेज वळवायला थोडे साधे भाग पुरत. युनि-व्हाइबमध्ये तर उघडमीट करणारा एक दिवा आणि त्याभोवती चार प्रकाशसंवेदक होते. म्हणूनच ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर हेंड्रिक्स ते वापरू शकला. फ्लँजरला मात्र विलंब हवा, आणि दोन टेप यंत्रे कोणीही पायाखाली ठेवू शकत नव्हते.

६/ हा अडसर बकेट ब्रिगेड चिपने दूर केला. १९६९ मध्ये फिलिप्सच्या सँगस्टर आणि टीअर यांनी ती कल्पना मांडली. आग विझवताना माणसांच्या रांगेतून बादल्या सरकाव्यात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकतो. क्लॉकच्या प्रत्येक आवर्तनात तो दोन घरे पुढे जातो. १०२४ घरे आणि १०० किलोहर्ट्झचा क्लॉक असेल तर विलंब ५.१२ मिलिसेकंद. अशा चिप सत्तरच्या दशकाच्या मध्यास स्वस्त झाल्या, आणि १९७६ मध्ये इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर व बॉसचा सीई-१ कोरस दोन्ही आले. हा योगायोग नव्हे.

७/ कोरसमध्ये विलंब सहसा अधिक असतो आणि आउटपुट पुन्हा आत फिरवलेला नसतो. दहा मिलिसेकंदांवर कंगव्याचे दात दर १०० हर्ट्झला येतात. इतक्या दाट दातांचे सरकणे कानाला वेगळे जाणवत नाही. जाणवते ते स्वराचे हेलकावणे. विलंब वाढत असताना स्वर किंचित उतरतो, घटताना चढतो, आणि एका गिटारच्या दोन झाल्यासारखे वाटते. १९९१ सालच्या निर्वाणाच्या ‘कम अ‍ॅज यू आर’मध्ये स्मॉल क्लोन हा कोरस हेच काम करतो.

८/ यावर आक्षेप येईल की पोलीसच्या अँडी समर्सने कोरससारखा ध्वनी इलेक्ट्रिक मिस्ट्रेस या फ्लँजरमधूनच काढला. हे खरे आहे. त्यातून एवढेच ठरते की कोरस आणि फ्लँजर यांच्यातील सीमा विलंबाच्या मात्रेची आहे. फेझर त्या कुळातच बसत नाही.

९/ पुरावा हवा असल्यास व्हॅन हेलनचा १९७८ सालचा पहिला अल्बम ऐकावा. ‘इरप्शन’मध्ये फेज ९० आहे: स्वर तोंड उघडल्या-मिटल्यासारखा मऊ फुगतो. ‘एन्ट टॉकिन बाउट लव्ह’च्या रिफमध्ये अधूनमधून फ्लँजर येतो: तिथे पन्हळी पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा धातूचा घोष आहे. वादक तोच, गिटारची धाटणी तीच, यंत्रे मात्र दोन.

१०/ तेव्हा ‘इचिकू पार्क’ला फेझरच्या खात्यात टाकणे ही किरकोळ चूक नाही. तसे केले की १९६७ चा स्टुडिओ आणि १९७६ चा पेडल यांच्यामधली नऊ वर्षे अनाकलनीय होतात. मग प्रत्येक नव्या ध्वनीचे श्रेय एखाद्या वादकाच्या प्रतिभेला देऊन इतिहासकार मोकळा होतो, आणि कपॅसिटरची ती रांग नोंदीतून गळून पडते.