पाच ओळींचा राजीनामा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या कवठे महांकाळच्या वस्तीतला एक तरुण रात्री जेवणवेळ झाल्यावर आमच्या घरी आला. "जय भीम काका, जरा इंग्रजी तपासून द्या," म्हणाला आणि त्याने दोन पानी कागद पुढे केला. पोरगा बी. कॉम. झालेला. इथल्याच एका बेदाण्याच्या कारखान्याच्या ऑफिसात अकाउंटंट. त्याची आई अशाच एका शेडवर बेदाणा निवडायला जाते. त्या घरातला टेबल-खुर्चीवर बसून काम करणारा हा पहिलाच माणूस. त्याला पुण्यात चांगली जागा मिळाली होती, २ जुलैला हजर व्हायचे होते. तो कागद म्हणजे त्याचा राजीनामा होता.

आम्ही कागद वाचला. पहिले पानभर तक्रारी होत्या. पगार दोन वर्षे वाढला नाही, हंगामात रात्री नऊपर्यंत बसवून घेतले, एकदा चारचौघांत घालून पाडून बोलले. सगळे खरे असणार, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण आम्ही त्याला विचारले, "हे वाचून मालक काय करणार?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, बाबासाहेबांनीसुद्धा राजीनामा देताना कारणे सांगितलीच होती की."

प्रश्न बिनतोड होता. पण उत्तरही त्यातच आहे. बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाच्या राजीनाम्याचे पत्र पंतप्रधान नेहरूंना २७ सप्टेंबर १९५१ रोजी दिले. आणि कारणांचे सविस्तर निवेदन १० ऑक्टोबर १९५१ रोजी, वेगळे, देशापुढे ठेवले. पत्र एक, निवेदन दुसरे. शिवाय ते लोकांना जबाबदार असलेले मंत्री होते, लोकांना कारण कळणे हा लोकांचा हक्क होता. ऑफिसातल्या अकाउंटंटचा राजीनामा फक्त एका फायलीत जातो, आणि पुढे वाद झाला की तोच कागद बाहेर काढला जातो. त्यात रागाने लिहिलेले एखादे वाक्य असेल तर मालकाचा वकील नेमके तेच बोट ठेवून दाखवतो. ज्याला पगाराची किंवा जादा कामाच्या पैशांची तक्रार करायची आहे, त्याने ती स्वतंत्र अर्जाने, तारखा आणि रकमा घालून करावी. राजीनाम्यात ती कालवू नये. पोराला हे पटले आणि पहिले पान गेले.

दुसऱ्या पानावर खरी गोम होती. त्याने लिहिले होते, 'काइंडली अलाऊ मी टू रिझाइन.' म्हणजे कृपा करून मला राजीनामा देण्याची परवानगी द्या. ही झाली विनंती. विनंतीला 'नाही' म्हणता येते. 'सध्या हंगाम आहे, पुढच्या महिन्यात बघू' असे तोंडी सांगून मालक कागद बाजूला ठेवू शकतो, आणि पोराचे नोटिशीचे दिवस सुरूच झाले नाहीत असे म्हणू शकतो. राजीनाम्यात स्पष्ट यायला हवे, 'आय हेअरबाय रिझाइन', म्हणजे मी या पत्राने राजीनामा देत आहे. सौजन्य वेगळे आणि लाचारी वेगळी. खाली सहीवर त्याने जुन्या पत्रलेखनाच्या पुस्तकातून 'युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' उचलले होते. तेही आम्ही खोडले आणि 'युअर्स फेथफुली' लिहायला सांगितले. नोकरी केली म्हणजे कुणी कुणाचा आज्ञाधारक सेवक होत नाही.

यापुढचे वाक्य होते, 'आय ॲम रिझाइनिंग फ्रॉम थर्टीएथ जून.' दिसायला साधे. आम्ही विचारले, "३० जूनला तू कामावर असणार की नसणार?" तो म्हणाला, "असणारच की, संध्याकाळी सुटणार." पण वाक्याचा अर्थ तसा निघत नाही. '३० जूनपासून' म्हटले तर शेवटचा दिवस २९ जून असाही अर्थ लावता येतो. मग आम्ही त्याचे नेमणूकपत्र मागवले. त्यावर हजर झाल्याची तारीख होती १ जुलै २०२०. वाचकहो, इथे एका दिवसाची किंमत पाहा. १ जुलै २०२० ते ३० जून २०२५ ही पुरी पाच वर्षे होतात. २९ जूनला सुटला तर पाच वर्षांना एक दिवस कमी.

आणि ग्रॅच्युइटीचा कायदा पाच वर्षांवरच उभा आहे. तेव्हा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केलेल्या माणसाने राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण कायम नोकराला राजीनाम्यानंतर पाच वर्षांची अट तिच्यातही आहे. तेव्हा हिशेब असा करत की, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि पुन्हा झालेल्या वर्षांनी गुणायचे. या पोराचा मूळ पगार आणि भत्ता मिळून १३,००० रुपये. २६ ने भागले की ५०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ७,५००. पाच वर्षांचे ३७,५०० रुपये. चार वर्षे २४० दिवस भरले की पाचवे वर्ष धरावे असे काही न्यायालयीन निकाल आहेत, पण त्यासाठी भांडायला उभे राहावे लागते. तारीख नीट लिहिली तर भांडायचे कारणच उरत नाही. म्हणून वाक्य बदलले, 'माय लास्ट वर्किंग डे विल बी ३० जून २०२५.' माझा कामाचा शेवटचा दिवस ३० जून.

तारखेची ताकद किती असते याचा दाखला सुप्रीम कोर्टातही आहे. अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, पण तो १ ऑगस्टपासून अमलात येईल असे लिहिले. १५ जुलैला त्यांनी तो परत घेतला. आता परत घेता येतो का, यावर वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७८ मध्ये निकाल लागला की, राजीनामा पुढच्या तारखेपासून असेल तर ती तारीख येईपर्यंत तो परत घेता येतो. खासगी नोकरीत नेमणुकीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वाचाव्यात. पण पुण्याची नोकरी ऐनवेळी फिसकटली तर पोराला निदान बोलायला जागा राहावी, म्हणूनही 'ताबडतोब' न लिहिता पुढची तारीख लिहिणे शहाणपणाचे.

शेवटी पत्र तयार झाले ते एवढेच. नागरी अक्षरांत देतो, घरातल्या इंग्रजी न वाचणाऱ्यालाही म्हणून पाहता येईल:

'सर, आय हेअरबाय रिझाइन फ्रॉम द पोस्ट ऑफ अकाउंटंट. ॲज पर माय अपॉइंटमेंट लेटर आय ॲम गिव्हिंग वन मन्थ्स नोटीस, अँड माय लास्ट वर्किंग डे विल बी ३० जून २०२५. आय ॲम टेकिंग अप अ पोस्ट इन पुणे. आय विल हँड ओव्हर द बुक्स, कॅश अँड पेपर्स इन माय चार्ज बाय दॅट डेट. आय थँक यू अँड माय कलीग्स फॉर द हेल्प गिव्हन टू मी. युअर्स फेथफुली.'

पाच ओळी. पद, नोटीस आणि तारीख, कारण, चार्ज, आभार. पुण्याच्या कंपनीचे नाव मुद्दामच घातले नाही, ते सांगण्याची गरज नसते.

पत्राच्या दोन प्रती केल्या. ३० मे रोजी एक प्रत ऑफिसात दिली आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेतली. ही पोच फार महत्त्वाची. पत्रावर तारीख २८ मे असली तरी एक महिना मोजायचा तो कागद हातात पडल्यापासून, म्हणजे ३० मेपासून. पोच नसेल तर महिना कधी सुरू झाला हे सिद्ध करता येत नाही. कुणी पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टाऐवजी आता पोस्टाची स्पीड पोस्ट सेवा आहे, तिने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी.

अकाउंटंटचा राजीनामा इतरांपेक्षा एका गोष्टीने वेगळा, ती म्हणजे चार्ज. तो गेल्यावर दोन महिन्यांनी रोख कमी निघाली तर पहिले नाव त्याचेच घेतले जाते. म्हणून शेवटच्या दिवशी चार्जची यादी केली. कीर्दीप्रमाणे रोख शिल्लक किती आणि पेटीत मोजून किती, नोटांच्या तपशिलासह. चेकबुकातले कोरे चेक कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत. बँकेचे खाते आणि पुस्तक यांची ३० जूनची जुळवणी, आणि न वटलेले चेक कोणते. जून महिन्यात कापलेला आयकर ७ जुलैपर्यंत भरायचा राहिला आहे, अशी नोंद. ही शेवटची नोंद नसती तर उशिराचे व्याज याच्याच माथी आले असते.

आणि एक नवीन काळातली गोष्ट. बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी याच्या स्वतःच्या मोबाईलवर येत होता. तो नंबर बदलून घेतला नसता, तर पुण्यात बसून हा पोरगा कवठ्याच्या व्यवहारांना ओटीपी देत राहिला असता, आणि काही गैर झाले तर जबाब त्याला द्यावा लागला असता. ३० जूनच्या आत दोन्हीकडचे नंबर बदलले. यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही झाली, एक प्रत पोराने पिशवीत ठेवली.

मालकाने सुरुवातीला ग्रॅच्युइटीबाबत कां-कूं केले. 'पाच वर्षे कुठे झाली?' म्हणाले. पोराने नेमणूकपत्र आणि पोच घेतलेला राजीनामा शेजारी-शेजारी ठेवले. एकावर १ जुलै २०२०, दुसऱ्यावर ३० जून २०२५. आवाज चढवावा लागला नाही. रीतसर अर्ज दिला आणि जुलै संपायच्या आत ३७,५०० रुपयांचा चेक मिळाला.

त्या पैशांतले काही पुण्यातल्या खोलीच्या डिपॉझिटला गेले, बाकीचे त्याने आईच्या हाती दिले. आईने आम्हाला विचारले, "भाऊ, एवढं काय लिवलं हो त्या कागदात?" आम्ही म्हणालो, "ताई, फार काही नाही. तारीख लिहिली."