विस्तारवाढीला हात वर करण्याआधी
साखर कारखान्याच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळ व कार्यकारी संचालक यांस,


येत्या सर्वसाधारण सभेपुढे कारखान्याची गाळप क्षमता रोज ३,००० टनांवरून ५,००० टनांवर नेण्याचा विषय आहे. मी ऊस उत्पादक सभासद आहे आणि व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट. नफा किती वाढेल हे अहवालात आहे. गाळप किती घटले की तो नफा संपेल, हे मात्र त्यात कुठेच नाही. मला त्याचीच काळजी वाटते.

हिशोब समजायला सोपा जावा म्हणून मी आकडे गोल केले आहेत. आज आपण हंगामात ५ लाख टन ऊस गाळतो. साखर, मळी, बगॅस यांच्या उत्पन्नातून उसाची किंमत, तोडणी-वाहतूक, रसायने, बारदाना हा टनागणिक होणारा खर्च वजा केला की टनामागे ६०० रुपये उरतात, म्हणजे ३० कोटी. पगार, ऑफ-सीझनची दुरुस्ती, घसारा हा स्थिर खर्च २४ कोटी; कर्ज फिटलेले आहे. नफा ६ कोटी. ४ लाख टनांवर ना नफा ना तोटा. म्हणजे गाळप २० टक्के घटेपर्यंत आपण तोट्यात जात नाही. हीच मार्जिन ऑफ सेफ्टी. ३० कोटींना ६ कोटींनी भागले की येणारे ५ हे ऑपरेटिंग लिव्हरेज: गाळप एक टक्का हलले की नफा पाच टक्के हलतो. दोन्ही आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत. २० टक्के म्हणजे एक पंचमांश, म्हणून लिव्हरेज ५.

आता विस्तारानंतरचे पाहू. गाळप ८ लाख टन आणि नव्या यंत्रांमुळे वाफ वाचून टनामागे ७०० रुपये उरतात असे धरू, म्हणजे ५६ कोटी. स्थिर खर्च ४० कोटी. व्याजाआधीचा नफा १६ कोटी, लिव्हरेज ३.५, मार्जिन ऑफ सेफ्टी २८ टक्क्यांहून जास्त. एवढेच पाहिले तर जोखीम घटल्यासारखी दिसते. पुस्तकी व्याख्येत ऑपरेटिंग लिव्हरेज व्याजाआधीच मोजतात, त्यामुळे हा हिशोब चुकीचाही नाही. पण ९० कोटींच्या कर्जाचे १० टक्क्यांनी ९ कोटी व्याज बँक दुष्काळातही घेणार. ते धरले की नफा ७ कोटी उरतो, ना नफा ना तोटा बिंदू ७ लाख टनांवर जातो, मार्जिन साडेबारा टक्क्यांवर येते आणि एकूण लिव्हरेज ८ होते. नफा एक कोटीने वाढला, पण गाळपातली जी घट आपण सोसू शकत होतो ती २० टक्क्यांवरून साडेबारावर आली. गाळप २० टक्के घटले तर आज नफा शून्य होतो. विस्तारानंतर ४ कोटी २० लाखांचा तोटा होईल.

एवढी घट होते का? महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे ८४ लाख टन होते, दुष्काळानंतर २०१६-१७ मध्ये ते सुमारे ४२ लाख टनांवर आले. निम्म्या गाळपात आजचा कारखाना ९ कोटी गमावतो, वाढवलेला २१ कोटी. मुद्दलाचा हप्ता त्याहून वेगळा.

शिवाय या दोन्ही मापांनी टनामागचे ७०० रुपये कायम धरले आहेत. प्रत्यक्षात ऊस कमी पडला की तो लांबून आणावा लागतो, वाहतूक चढते आणि ७०० तिथेच झिजतात. भावाचेही तसेच. ११ टक्के उताऱ्याला टनामागे ११० किलो साखर निघते. किलोमागे एक रुपया भाव उतरला की ७०० चे ५९० होतात, आणि पूर्ण ८ लाख टन गाळूनही १ कोटी ८० लाखांचा तोटा येतो. उसाचा दर कमी करून ही तूट भरता येत नाही. एफआरपी कायद्याने ठरते; २०१८-१९ मध्ये ती क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ ठरली.

विस्ताराला माझा सरसकट विरोध नाही. कार्यक्षेत्रात उसाची नोंद खरोखर ९ लाख टनांपर्यंत जाणार असेल, तर त्या गाळपाला नफा १४ कोटी होतो आणि लिव्हरेज साडेचारवर येते. लिव्हरेज हा कारखान्याचा कायमचा गुण नव्हे. ते गाळपाच्या पातळीबरोबर बदलते आणि ना नफा ना तोटा बिंदूजवळ झपाट्याने चढते. म्हणून माझी मागणी अशी: व्याज आणि हप्ता धरून किती टनांना खर्च भागतो, ते सभेपुढे ठेवा. गेल्या दहा हंगामांत कार्यक्षेत्रात उपलब्ध असलेला सरासरी नव्हे, सर्वांत कमी ऊस त्याच्या शेजारी लिहा. साखरेचा भाव एक आणि दोन रुपयांनी उतरला तर काय होते, तेही दाखवा. तो सर्वांत कमी ऊस त्या टनांच्या खाली असेल, तर कर्ज कमी करून आधी ४,००० टनांचाच टप्पा घ्या. त्या टप्प्याचाही हिशोब असाच मांडा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद