चॅट किती दिवस, फोन कधी?

छातीत धडधडतंय म्हणून ती ओपीडीत आली होती. वय २७, शाळेत शिक्षिका, सोबत वहिनी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नाडी मिनिटाला १०४, दोन महिन्यांत तीन किलो वजन उतरलेलं. अशा वेळी आम्ही आधी थायरॉइड आणि रक्तक्षय पाहतो. थायरॉइड व्यवस्थित होतं, हिमोग्लोबिन थोडं कमी, ईसीजीत वाढलेल्या वेगाखेरीज काही नव्हतं. ‘झोप किती होते?’ असं विचारल्यावर तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींना मी औषधांच्या खिडकीवर पाठवलं. मग कळलं, रात्री दोनपर्यंत फोन हातात असतो.

लग्नाच्या ॲपवर पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाशी ओळख झाली होती. तीन महिने रोज चॅट चालू होतं. शाळेतल्या गमती, आईचं दुखणं, पगार, मुलं किती हवीत, सगळं बोलून झालेलं; म्हणजे लिहून झालेलं. आवाज मात्र एकदाही ऐकलेला नव्हता. ‘मॅडम, तो म्हणतो वेळ आली की बोलू. मलाही वाटतं, घाई कशाला? पण समोर ‘टायपिंग’ दिसतं आणि मेसेज येत नाही, तेव्हा धडधड सुरू होते.’

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मुलं-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली आणि स्थळं बघण्याची पद्धत बदलली. पूर्वी मध्यस्थ यायचा, मग कांदेपोहे, आणि पाच मिनिटांत समोरच्याचा आवाज, चाल, बोलण्याची ढब कळून जायची. त्या पद्धतीचे दोष मोठे होते, मुलीला विचारतंय कोण, हा त्यातला सर्वांत मोठा. आता क्रम उलटा झाला आहे. मनातलं आधी कळतं, माणूस नंतर दिसतो. या उलट्या क्रमात एक मेख आहे.

अमेरिकेतले संवाद-अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये ती मांडली, स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी. लिहून बोलताना माणसाला थांबायला वेळ मिळतो. तो वाक्य खोडतो, बरं वाक्य निवडतो, चांगला फोटो लावतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, आपण सगळेच तसं करतो. वाचणाऱ्याच्या हाती मग माणसाचे थोडेच तुकडे येतात आणि उरलेली चौकट त्याचं मन भरतं, बहुधा स्वतःला आवडेल अशा रंगांनी. म्हणून नुसत्या लेखी ओळखीतली जवळीक कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जास्त वाटते. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि एरियली यांनी २००७ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. माहिती कमी असते तोवर समोरचा आपल्यासारखाच वाटतो, आणि प्रत्यक्ष भेटीनंतर ओढ सरासरीने कमी होते.

‘आता भेटायची वेळ आली’ ही मनातली भावना घड्याळ म्हणून वापरता येत नाही, ती यामुळेच. ती भावना समोरच्या माणसाइतकीच आपण भरलेल्या रंगांवरही वाढते. तीन महिने वाट पाहिली तर खात्री वाढल्यासारखी वाटते, पण माहिती तेवढी वाढलेली नसते. आर्टेमिओ रॅमिरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑनलाइन ओळख होऊन पुढे भेटलेल्या लोकांचा अभ्यास केला. लवकर भेटलेल्यांचा अनुभव बरा होता. ऑनलाइन काळ फार लांबलेल्यांना समोरचा माणूस अपेक्षेपेक्षा वेगळा वाटला आणि नातं तिथेच अडखळलं. यावरून काही बातम्यांत ‘अमुक दिवसांत भेटा’ असा आकडा फिरतो. तो औषधाच्या मात्रेसारखा घेऊ नये. अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथे मुलीला बाहेर पडताना आपल्याइतक्यांना उत्तरं द्यावी लागत नाहीत. मला विचाराल तर पहिला फोन दुसऱ्या आठवड्याच्या आत व्हावा. भेट त्यानंतर, पण महिने लोटू नयेत.

फोनच का, थेट व्हिडिओ कॉल का नको? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आधी विचारलं की लिहून बोलणं बरं की आवाजात. बहुतेकांना वाटलं, आवाजात अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात अवघडलेपण तेवढं वाढलं नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटली. त्यावर चेहरा दिसण्याने फारशी भर पडली नाही. आवाजात थांबणं असतं, हसू असतं, प्रश्न आवडला नाही तर स्वर बदलतो. हे खोडून पुन्हा लिहिता येत नाही.

व्हिडिओची घाई टाळण्याला दुसरं कारण आहे. ओळख होऊन तासाभरात, तेही रात्री, व्हिडिओ कॉलचा आग्रह होतो. समोर अर्धवट कपड्यातली व्यक्ती दिसते, आपला चेहरा रेकॉर्ड होतो आणि सकाळी पैशांची धमकी येते. असे रुग्ण माझ्याकडे निद्रानाश घेऊन येतात, त्यात पन्नाशीचे प्रतिष्ठित पुरुषही असतात. त्यांनी पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

त्या मुलीला मी जे सांगितलं ते इतकंच. रविवारी सकाळी अकरा वाजता, दहा मिनिटांसाठी फोन ठरव. दिवसाउजेडी, आधी वेळ ठरवून आणि थोडक्यात. काही ॲपमधून नंबर न देताच कॉल करता येतो, तिथूनच कर. आपला मोबाइल नंबर म्हणजे नुसता नंबर राहिलेला नाही. तो यूपीआयच्या ॲपमध्ये टाकला की बँकेतलं नाव दिसू शकतं. म्हणून स्वतःचा नंबर पहिल्याच दिवशी देऊ नये. पुढे त्याने आपणहून नंबर दिला तर प्रोफाइलवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतं का, हे तुलाही पाहता येईल.

दिवसांपेक्षा मी जास्त भरवसा ठेवते तो एका छोट्या ‘नाही’वर. फोनच्या किंवा भेटीच्या आधी एखादी साधी गोष्ट नाकारून पाहावी. ‘आज फोटो पाठवत नाही’, ‘आज नको, उद्या बोलू’. उत्तर ‘बरं’ असं आलं आणि दुसऱ्या दिवशीही वागणं तसंच राहिलं, तर पुढची पायरी चढायला हरकत नाही. रुसवा, टोमणे, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं सुरू झालं तर शंभर दिवस झाले तरी वेळ आलेली नाही. खोट्याची पारख फोटोवरून होईल या भ्रमात राहू नये. २००८ मध्ये टोमा, हॅनकॉक आणि एलिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा ८० जणांची उंची आणि वजन प्रत्यक्ष मोजलं, वयाचा पुरावा पाहिला. ८१ टक्के लोकांनी निदान एका बाबतीत फिरवून सांगितलं होतं, पण बहुतेकांनी अगदी थोडंसं. आपल्या बायोडाट्यातली ‘पाच फूट चार इंच’ उंची ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. अशा इंचभर खोट्याला मी घाबरत नाही. फोन सतत टाळणं आणि त्याचबरोबर अडचण सांगून पैसे मागणं, ही जोडी दिसली की मात्र तिथेच थांबावं.

पण फोन टाळणारा प्रत्येक जण ठग नसतो, आणि हे मला त्या मुलीमुळेच नीट कळलं. त्याने दोन रविवार कारणं सांगितली. पैसे कधी मागितले नव्हते, ‘नाही’वर रुसलाही नव्हता. तिसऱ्या रविवारी फोन उचलला. बराच वेळ पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिचं नाव आलं, तुटत तुटत. तो तोतरा बोलत होता.

सुमारे शंभरात एका प्रौढाला हा त्रास असतो, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. तो घाबरटपणातून किंवा बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही. ताणाने वाढतो एवढंच. यातल्या अनेकांना फोन सर्वांत अवघड जातो, कारण तिथे चेहरा नाही, हातवारे नाहीत आणि समोरचा शांततेचा अर्थ लावून मोकळा होतो. अशा माणसासाठी चॅट म्हणजे आयुष्यात प्रथमच मिळालेली अस्खलित जीभ. ती तो सहज कशी सोडेल?

दीड महिन्याने ती पुन्हा आली. नाडी ८२, एक किलो वजन वाढलेलं. रात्री अकराला फोन दुसऱ्या खोलीत ठेवते म्हणाली. दोघं सोलापुरात भेटले होते, दुपारी बाराला, गर्दीच्या हॉटेलात. परतीच्या एसटीची वेळ पाहून ठेवलेली, वहिनी दोन टेबलं सोडून बसलेल्या, तासाभरात उठायचं हे आधीच ठरलेलं. तो जसा लिहायचा तसाच होता, चांगला. तरी तिने नकार दिला होता.

‘तोतरेपणामुळे?’ मी विचारलं.

‘नाही मॅडम. पहिल्या पंधरा दिवसांत सांगितलं असतं तर माझ्या लक्षातही राहिलं नसतं. तीन महिने मी एका वेगळ्याच माणसाशी बोलत होते. त्याचा आवाजसुद्धा मी ठरवून ठेवला होता. आता याचा आवाज ऐकला की तो दुसराच आठवतो.’ त्याने तिला सांगितलं होतं की ‘मी अडखळतो’ हे वाक्य त्याने कितीदा तरी टाइप केलं आणि पुसलं. पडद्यावर ‘टायपिंग’ दिसायचं आणि मेसेज यायचा नाही, ते बहुधा तेच होतं.

तिला माझ्याकडून एक माहिती हवी होती. अशा त्रासावर वाचा-उपचार मिळतात का, आणि सरकारी दवाखान्यात कुठे? तो पुण्यात राहतो, म्हणून मी ससूनच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करायला सांगितलं आणि केसपेपरच्या मागे लिहून दिलं. कागद दुमडून पर्समध्ये ठेवताना ती म्हणाली, ‘पाठवते त्याला. या वेळी फोन करूनच सांगते.’