कच्चे वजन

तपासणीत साखर वाढलेली आढळल्यावर डॉक्टरांनी सुमतीबाईंना गोळी सुरू केली व आहाराचा कागद दिला. दुपारच्या जेवणात तांदूळ ३० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम. चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंनी त्याच दिवशी वजनकाटा आणवला. ताटातला भात तीस ग्रॅम, वरण तीस ग्रॅम. दोन चमच्यांतच जेवण आटोपू लागले.

चौथ्या दिवशी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने बोटातले रक्त तपासले. साखर ६२ भरली. तिने लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ९० वर आला होता.

डॉक्टरांनी एवढेच विचारले, "बाई, तुम्ही तांदूळ मोजलेत की भात?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीस ग्रॅम तांदूळ वेगळे शिजवले व भात काट्यावर ठेवला. तो पंचाऐंशी ग्रॅम भरला. शिजताना तांदळाने पाणी शोषले होते, हे त्यांच्या ध्यानात आले. गोळी पूर्ण प्रमाणात, अन्न मात्र तिसरा हिस्सा!

बाईंनी लाल शाईची लेखणी घेतली, डॉक्टरांच्या कागदावर "कच्चे वजन" असे लिहिले आणि खाली स्वतःचाच एक गुण कापला.