"महत्त्वाचा डेटा सेव्ह करून ठेवा" हे वाक्य पत्रातून काढून टाका



विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नव्हता. फक्त मायक्रोसॉफ्टकडून मोफत येणारे सुरक्षा अपडेट थांबले. पैसे भरून किंवा नोंदणी करून थोडी जादा मुदत मिळते, पण ती तात्पुरती सोय आहे. त्यामुळे मोठ्या ऑफिसांतून, छोट्या युनिटमधून एक पत्र फिरायला लागलं: अमुक तारखेपर्यंत सगळी मशीन विंडोज ११ वर जाणार, त्याआधी तुमचा महत्त्वाचा डेटा सेव्ह करून ठेवा, नंतर आयटी विभाग जबाबदार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. असं पत्र स्टाफला सावध करत नाही, ते फक्त लिहिणाऱ्याला मोकळं करतं. आणि तुमच्याकडे चार-सहा कॉम्प्युटर असतील तर तुमचा आयटी मॅनेजर म्हणजे तुम्हीच. तेव्हा हे पत्र तुम्हालाच नीट लिहावं लागणार आहे.

भोसरीत काय झालं

माझ्या एका विद्यार्थ्याचं भोसरीत कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे. ऑफिसात सहा कॉम्प्युटर. महिन्यातून दोनदा येणारा एक हार्डवेअरवाला हेच त्यांचं आयटी खातं. सप्टेंबरच्या शेवटी त्याने वर लिहिलंय तसंच तीन ओळींचं पत्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. शुक्रवारपर्यंत बॅकअप घ्या, शनिवारी काम सुरू.

अकाउंटंटने प्रामाणिकपणे टॅलीचा बॅकअप घेतला आणि D ड्राइव्हवर ठेवला. त्यांच्या मनात C म्हणजे विंडोजचा ड्राइव्ह आणि D म्हणजे आपला, सुरक्षित. पण C आणि D हे एकाच डिस्कचे दोन भाग होते. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट गेलं की दोन्ही गेले.

शनिवारी हार्डवेअरवाल्याला दिसलं की हे मशीन जुन्या बायोस पद्धतीने बसवलेलं आहे. विंडोज ११ ला UEFI आणि सिक्युअर बूट लागतं, त्यासाठी डिस्कची मांडणीच बदलावी लागते. डेटा न पुसता ती बदलायचा मार्ग आहे, पण वेळ वाचवायला त्याने डिस्कवरचे सगळे भाग पुसले आणि नवं विंडोज टाकलं. त्याच्या हिशेबाने बॅकअप झालेला होता. अकाउंटंटच्या हिशेबानेही झालेला होता. दोघेही खरं बोलत होते.

डिस्पॅच बघणाऱ्या ताईंनी तर पेनड्राइव्ह वापरला होता. डेस्कटॉपवरचं सगळं त्यांनी कॉपी केलं. त्यात पार्टीवार रेटची एक्सेल शीट होती, निदान तसं वाटत होतं. नंतर उघडून बघितलं तर तो फक्त शॉर्टकट. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण, साइज दोन केबी. खरी फाइल D वरच होती.

सीएंकडे जूनअखेरची टॅलीची कॉपी निघाली म्हणून वाचले. जुलै ते सप्टेंबरच्या एंट्री परत मारायला अकरा दिवस लागले. विक्री छापील बिलं आणि भरलेल्या GSTR-1 वरून मिळाली, खरेदी GSTR-2B वरून. रोखीचे किरकोळ खर्च मात्र पूर्ण जुळलेच नाहीत. आणि रेट शीट? ती मालकांनी पार्ट्यांना फोन करून परत बनवली. आपलाच रेट आपल्याच गिऱ्हाइकाला विचारायचा. त्यांच्या शब्दांत, "सर, पैशांपेक्षा ते जास्त लागलं."

चूक कुठे झाली?

लोक म्हणतात, स्टाफला कॉम्प्युटरचं ज्ञान नाही. मला नाही पटत. "महत्त्वाचा डेटा" म्हणजे नेमकी कोणती फाइल, ती कुठे असते, आणि सेव्ह करायचा म्हणजे कुठे, हे तिन्ही प्रश्न पत्राने स्टाफवर ढकलले. उत्तर ज्याला माहीत होतं तो पत्र लिहीत होता.

म्हणून पत्रात फाइलचं नाव हवं, जागेचं नाव हवं, आणि माणसाचं नाव हवं. छोट्या ऑफिसात मला साधारण तीन गोष्टी बुडताना दिसतात. त्यांचीच उदाहरणं घेतो.

पहिली टॅली. डेटा बहुतेक ठिकाणी `C:\Users\Public\TallyPrime\data` इथे असतो, पण कोणीतरी तो बदललेलाही असू शकतो. कंपनी निवडतानाच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ दिसतो, तो बघून लिहून घ्या. बॅकअप दुसऱ्या वस्तूवर घ्या, म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह. दुसरा ड्राइव्ह म्हणजे दुसरी वस्तू नाही. मशीन पूर्ण पुसणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नव्या विंडोजवर ते परत चालू करताना अडायला होतं.

दुसरी गोष्ट मेल आणि पासवर्ड. बऱ्याच ऑफिसांत आउटलुक असं लावलेलं असतं की मेल सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवर येते आणि सर्व्हरवर राहत नाही. मग पाच वर्षांच्या ऑर्डरी एका `.pst` फाइलमध्ये बसलेल्या असतात, बहुधा `Documents` मधल्या `Outlook Files` फोल्डरमध्ये. आउटलुक बंद करून ती कॉपी करा. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक यांचे पासवर्ड क्रोमने लक्षात ठेवलेले असतात, माणसाने नाही. ते क्रोममधून फाइलमध्ये काढता येतात, पण त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे दिसतात. काम झालं की ती पुसा, पेनड्राइव्हवरूनही.

तिसरी गोष्ट आपल्याकडची खास. जुनी मराठी पत्रं, लेटरहेड, हँडबिलं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. फाइल सुखरूप कॉपी होते, पण नव्या विंडोजवर तो फाँट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. लोक समजतात फाइल खराब झाली. फाइल धड आहे, फाँट नाही. `C:\Windows\Fonts` मधून तो फाँटही सोबत कॉपी करा.

बॅकअप "घेतला" आणि बॅकअप "उघडला"

माझा सगळा आग्रह खरं तर या एका शब्दावर आहे. घेतलेला बॅकअप मी मोजत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलेला मोजतो.

टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा. शेवटचं व्हाउचर कालच्या तारखेचं दिसतंय का? एका मोठ्या पार्टीची बाकी दोन्हीकडे सारखी आहे का? हे जुळलं तर बॅकअप आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून साइज आणि फाइलची संख्या दोन्हीकडे बघा. मूळ ४ जीबी आणि कॉपी ३०० एमबी असेल तर काहीतरी मागे राहिलंय. भोसरीत हे तपासायला अर्धा तास लागला असता.

काहीजण मला सांगतात, "सर, अपग्रेड केल्यावर मागे जाता येतं की!" येतं. आहे त्या विंडोजवरच ११ चढवलं तर फाइली आणि सॉफ्टवेअर सहसा जागेवर राहतात, आणि साधारण दहा दिवस `Go back` चा पर्याय मिळतो. पण डिस्क पुसून नवं टाकलं तर तो पर्याय नसतो. कोणत्या पद्धतीने काम होणार हेच पत्रात पहिल्यांदा लिहायला हवं. अमुक मशीनवर चढवणार, अमुक पुसणार. भोसरीच्या पत्रात हा शब्दच नव्हता.

एक लहान पण महागात पडणारी गोष्ट. मशीनवर बिटलॉकर चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या. त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली तर किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावल्यासारखं होईल.

तारीख कोणती?

मुदत हवीच. मुदत नसेल तर कोणी हलत नाही, हे मलाही मान्य. पण मुदत धंद्याचं कॅलेंडर बघून ठरवा. ७ तारखेला टीडीएस भरायचा, दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ११ ला GSTR-1 आणि २० ला GSTR-3B. तेव्हा २२ नंतरचा आठवडा घ्या. आणि सहाही मशीन एका दिवशी करू नका. आधी एक करा, ज्यावर अकाउंट्स नाहीत असं. प्रिंटर चालतो का, डिजिटल सिग्नेचरचा टोकन ओळखला जातो का, हे चार दिवस बघा. सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, पण त्याचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागू शकतो. अकाउंट्सचं मशीन सगळ्यात शेवटी.

भोसरीच्या मालकांसोबत बसून आम्ही नंतर उरलेल्या मशीनसाठी पत्र परत लिहिलं. ते असं होतं:

> सर्वांना,
>
> २४ तारखेला डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसवणार आहोत. या मशीनची डिस्क पूर्ण पुसली जाईल. C आणि D दोन्ही.
>
> ताई, २२ तारखेपर्यंत या गोष्टी ऑफिसच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या: D वरचं "रेट" फोल्डर, "चलन" फोल्डर, आउटलुकची .pst फाइल, लेटरहेडचा मराठी फाँट. आयकॉनवर बाण असेल तर तो शॉर्टकट आहे, मूळ फाइल शोधा.
>
> २३ ला सकाळी अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर हे सगळं उघडून दोघांनी बघायचं आणि या पत्रावर सही करायची. सही झाल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. काही उघडलं नाही तर तारीख पुढे जाईल, कोणालाही बोल लागणार नाही.
>
> जुनी डिस्क पुसण्याआधी काही आठवलं तर मला लगेच फोन करा.

शेवटची दोन वाक्यं मालकांनी स्वतः घातली. मला वाटतं पत्रात तीच सगळ्यात कामाची आहेत. कारण पहिल्या वेळी त्या ताईंना शुक्रवारी संध्याकाळी शंका आली होती की शीट उघडत का नाही. त्या विचारायला गेल्या नाहीत. पत्रात लिहिलं होतं ना, "नंतर आयटी जबाबदार नाही." मग विचारायचं कोणाला?

तुमच्या ऑफिसात आज एकच काम करा. प्रत्येकाच्या शेजारी पाच मिनिटं बसा आणि विचारा, "हा कॉम्प्युटर उद्या उघडला नाही तर तुझं कोणतं काम अडेल?" जे उत्तर येईल ते फाइलच्या नावासकट आणि जागेसकट लिहून घ्या. तुमच्या पत्राचा मजकूर तोच.